खारपाणपट्ट्यात स्लॅब टाकताय? काँक्रीट भरण्याआधी लोखंडाच्या बांधणीत हे तपासाच

अकोला/अमरावती : दर्यापूर, भातकुली, अकोट, तेल्हारा, मूर्तिजापूर या भागात जुन्या स्लॅबच्या घरात गेलं की छताकडे पाहिल्यावर एक गोष्ट हमखास दिसते. छपाईवर तपकिरी रेघा उमटलेल्या असतात. त्या वाकड्यातिकड्या नसतात. सहा-सहा, आठ-आठ इंचांवर सरळ एका ओळीत असतात. काही ठिकाणी छपाईच्या खपल्या खाली पडून आतली गंजलेली सळई उघडी पडलेली असते. घरमालक म्हणतो पावसाचं पाणी मुरलं, मिस्त्री म्हणतो सिमेंट खराब लागलं. पण रेघा सळईच्याच ओळीने आल्या असतील तर दुखणं बहुतेक वेळा लोखंडाच्या गंजाचं असतं, आणि त्याची सुरुवात स्लॅब टाकला त्या दिवशीच झालेली असते.

सळई गंजली की फुगते. गंज मूळ लोखंडापेक्षा दुप्पट आणि त्याहूनही जास्त जागा घेतो. ही फुगलेली सळई खालचं काँक्रीट ढकलते आणि खपली पडते. चांगल्या काँक्रीटच्या आत सळई सहसा गंजत नाही, कारण सिमेंटमुळे तिच्याभोवती एक संरक्षक थर तयार होतो. हा थर मोडणारी मोठी गोष्ट म्हणजे क्षार, आणि पूर्णा नदीच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात बोअर-विहिरीच्या पाण्यात तोच भरपूर आहे. म्हणून दुसरीकडे खपून जाणारी बांधणीतली चूक या पट्ट्यात खपत नाही.

१० बाय १२ फुटांच्या एका खोलीचा स्लॅब उदाहरणाला घेऊन लोखंड कसं कापायचं, किती अंतरावर मांडायचं, कुठे जोडायचं आणि खालून किती उचलायचं, ते पाहू.

आधी हिशेब, मग कापणी

खोली आतून १० बाय १२ फूट, भिंती ९ इंची. स्लॅब भिंतीवर पूर्ण बसतो, म्हणून बाहेरून माप झालं साडेअकरा फूट बाय साडेतेरा फूट. स्लॅबची जाडी ५ इंच, सळई ८ मिमीची, एफई-५०० प्रतीची. आखूड बाजूच्या सळया ६ इंचांवर आणि लांब बाजूच्या ८ इंचांवर धरू. एवढ्या खोलीला साधारण हेच माप लागतं. पण वर दुसरा मजला, पाण्याची टाकी किंवा मोठी खोली असेल तर माप बदलतं आणि ते अभियंत्यानेच ठरवायचं असतं. घरकुलाच्या लाभार्थ्याने पंचायत समितीतल्या गृहनिर्माण अभियंत्याकडून लोखंडाचा नकाशा मागून घ्यावा.

सळईच्या दोन्ही टोकांना एकेक इंच काँक्रीट राहायला हवं. म्हणून आखूड सळई ११ फूट ४ इंच आणि लांब सळई १३ फूट ४ इंच कापायची. ६ इंचांवर मांडल्या की आखूड सळया २८ लागतात. ८ इंचांवर लांब सळया १८ लागतात.

आता कापणी. बाजारात सळईला ४० फुटी म्हणतात, पण ती १२ मीटर म्हणजे ३९ फूट ४ इंच असते. एका सळईतून दोन लांब तुकडे आणि एक आखूड तुकडा काढला तर ३८ फूट लागतात आणि फक्त १६ इंच उरतात. अशा ९ सळया कापल्या की १८ लांब तुकडे पुरे होतात आणि ९ आखूडही हातात येतात. राहिलेल्या १९ आखूड तुकड्यांसाठी एका सळईत तीन या हिशेबाने ७ सळया लागतात. एकूण सळया झाल्या १६. आठ मिमीची १२ मीटर सळई सुमारे ४ किलो ७४० ग्रॅम भरते, म्हणजे वजन झालं साधारण ७६ किलो.

या हिशेबात एकही जोड आला नाही. लहान स्लॅबात जोड बहुतेक वेळा गरजेपोटी नाही, तर हिशेब न करता सळया कापल्यामुळे येतात. आधी कागदावर मांडलं तर लोखंडही वाचतं आणि कमजोर जागाही राहत नाही. उरलेले सव्वापाच फुटी तुकडे फेकायचे नाहीत. वरच्या सळईला टेकू द्यायच्या घोड्या त्यातून होतात.

खाली कोणती सळई, वर कोणती?

स्लॅब आखूड बाजूने जास्त वाकतो, म्हणून जास्त ताण आखूड सळईवर येतो. ती सगळ्यात खाली पाहिजे. तिच्यावर आडव्या लांब सळया. हे उलटं झालं तरी वरून जाळी सारखीच दिसते, त्यामुळे लक्षात येत नाही. पण जास्त ओझं घेणारी सळई एक थर वर गेली म्हणजे तिची ताकद तेवढी कमी झाली.

प्लेटांना तेल लावायचं ते सळई मांडण्याआधी. जाळी बांधून झाल्यावर वरून तेल मारलं तर ते सळईला लागतं आणि काँक्रीट सळईला धरत नाही. सळईवर हलका तांबूस गंज असेल तर चालतो. पापुद्रे सुटत असतील तर तारेच्या ब्रशने घासून काढावेत. चिखल, माती पुसून घ्यावी.

अंतर : दोन इंचांनी काय होतं?

अंतर डोळ्याने धरायचं नाही. सेंट्रिंगच्या प्लेटांवर टेप लावून खडूने दर ६ इंचांवर खुणा करायच्या आणि त्या खुणेवर सळई ठेवायची. दुसऱ्या बाजूने दर ८ इंचांवर. हे काम अर्ध्या तासाचं आहे, पण घाईत हेच टाळलं जातं. मग मध्ये ५ इंच, कडेला ९ इंच असं होऊन बसतं.

‘सहाच्या जागी आठ घेतलं तर काय बिघडते भाऊ?’ हे वाक्य साइटवर नेहमी ऐकू येतं. हिशेब करून पाहावा. ६ इंचांवर २८ सळया बसत होत्या, ८ इंचांवर २१ बसतात. म्हणजे मुख्य लोखंड थेट एक चतुर्थांश कमी झालं. वाचलं किती, तर सुमारे साडेनऊ किलो. बांधकामाच्या आयएस ४५६ या भारतीय मानकात मुख्य सळयांतलं अंतर जास्तीत जास्त ३०० मिमी, म्हणजे जवळपास एक फूट सांगितलं आहे. स्लॅब पातळ असेल तर ही मर्यादा अजून कमी होते. पण ही शेवटची मर्यादा आहे. ‘एक फूट चालते’ असं कोणी सांगितलं तर तो मर्यादेलाच माप समजतो आहे, हे ध्यानात घ्यावं.

विजेचे पाइप जाळीच्या वरून न्यायचे, खालून नाही. पाइप जाळीखाली घातला तर तिथे सळईखाली काँक्रीटच राहत नाही.

तार किती आणि कशी बांधायची?

बांधणीची तार स्लॅबचं वजन घेत नाही. काँक्रीट भरताना, माणसं वर चालताना आणि व्हायब्रेटर फिरताना सळई जागची हलू नये एवढंच तिचं काम. काँक्रीट घट्ट झालं की तारेचं काम संपलं. म्हणून तारेवर तार चढवून गाठी जाड करण्यात अर्थ नाही, आणि गाठी सोडून देण्यातही नाही.

साधी १८ गेजची मऊ तार दुहेरी करून वापरतात. सळया जिथे एकमेकींना छेदतात तिथे तार खालून तिरपी घालायची, दोन्ही टोकं वर घ्यायची आणि आकड्याने पीळ द्यायचा. पीळ सळईला घट्ट बसला की थांबायचं. जास्त पिळलं की तार तुटते. कमी पिळलं तर सळई सरकते. हाताने सळई ढकलून पाहिली की लगेच कळतं.

आपल्या खोलीत छेद किती? २८ गुणिले १८, म्हणजे ५०४. चारही कडांचा प्रत्येक छेद बांधायचा, ते झाले ८८. मधले ४१६ राहतात, त्यातला एक सोडून एक, शेजारच्या ओळीत उलट्या क्रमाने, म्हणजे २०८. सगळे मिळून साधारण ३०० गाठी. त्यासाठी किलोभर तार पुरते. ठेकेदाराने पाव किलो तारेत स्लॅब उरकला असेल, तर अर्ध्याहून जास्त गाठी बांधल्याच नाहीत असं समजावं.

खारपाणपट्ट्यात एक गोष्ट जास्तीची पाहायची. पीळ दिल्यावर तारेचं टोक खाली प्लेटकडे वळलेलं राहू नये. ते टोक प्लेटला टेकलं तर स्लॅब उघडल्यावर खालून दिसतं आणि गंज तिथूनच सुरू होतो. टोक आत, वरच्या बाजूला दाबून घ्यावं. भरण्याआधी प्लेटांवर पडलेले तारेचे तुकडेही वेचून काढावेत. छतावर पुढे जे तांबडे ठिपके दिसतात, त्यातले बरेच या तुकड्यांचे असतात.

जोड द्यावाच लागला तर

दोन खोल्यांचा स्लॅब एकत्र असेल, पडवी जोडलेली असेल, तर एक सळई पुरत नाही आणि जोड द्यावा लागतो. दोन सळया एकमेकींशेजारी ठेवून बांधतात, त्याला ओव्हरलॅप किंवा लॅप म्हणतात. इथे वीतभर लॅप देऊन तार गुंडाळायची सवय फार जुनी आहे. पण एका सळईवरचा ताण दुसरीकडे तार नेत नाही, दोघींभोवतीचं काँक्रीट नेतं. त्या काँक्रीटला पकड घ्यायला लांबी लागते.

आयएस ४५६ च्या हिशेबाने एम-२० काँक्रीट आणि एफई-५०० सळई असेल तर ही लांबी सळईच्या जाडीच्या सुमारे ५७ पट येते. ८ मिमीसाठी ती ४५६ मिमी होते, म्हणजे बरोबर दीड फूट. १० मिमीसाठी ५७० मिमी, तिथे सरळ दोन फूट धरावेत. वीतभर म्हणजे नऊ इंच, गरजेच्या निम्मेच. लॅपला दोन टोकांना आणि मध्ये अशा तीन ठिकाणी तार बांधावी.

लॅप कुठे द्यायचा, हेही तेवढंच महत्त्वाचं. खालच्या सळईवर खोलीच्या मध्यभागी ताण सगळ्यात जास्त असतो, म्हणून तिथे लॅप नको. तो भिंतीच्या बाजूला सरकवावा. मधल्या भिंतीवरून स्लॅब पुढे जात असेल तर तिथल्या वरच्या सळईचं उलटं आहे. तिच्यावर भिंतीच्या डोक्यावरच ताण जास्त असतो, म्हणून तिचा लॅप भिंतीवर नको. आणि सगळे लॅप एका रेषेत आणायचे नाहीत. शेजारच्या सळईचा लॅप निदान दोन फूट पुढे-मागे पाहिजे, नाहीतर स्लॅबमध्ये कमजोर जागांची एक सरळ रेघच तयार होते आणि पुढे तडा त्याच रेषेने जातो.

कव्हर ब्लॉक : खरी चूक इथे होते

सळई आणि प्लेट यांच्यामध्ये जे काँक्रीट राहतं त्याला कव्हर म्हणतात. घराच्या स्लॅबला हे निदान २० मिमी, म्हणजे टेपवर २ सेंटिमीटर पाहिजे. खारपाणपट्ट्यात आणि न्हाणीघराच्या वर २५ मिमी घेतलेलं बरं. त्यापुढे अभियंत्याला विचारल्याशिवाय जाऊ नये. पाच इंची स्लॅबात सळई खालून दोन इंच उचलली तर गंज लागणार नाही, पण स्लॅबची ताकद कमी होऊन तो वाकेल. कव्हर कमी झालं तर गंज, जास्त झालं तर अशक्तपणा, असा हा मामला आहे.

बऱ्याच ठिकाणी सळईखाली गिट्टीचे खडे सरकवले जातात. काही जण विटेचा तुकडा घालतात. काही जण काहीच घालत नाहीत आणि सांगतात, ‘टाकता टाकता उचलून घेऊ ना भाऊ.’ काँक्रीट पडल्यावर आकड्याने सळई उचलली तरी माणसाचा पाय पडताच ती पुन्हा खाली बसते. गिट्टीचा खडा घरंगळतो. वीट पाणी पिते आणि ओल थेट सळईपर्यंत नेते.

कव्हर ब्लॉक बाजारात तयार मिळतात. घरी करायचे असतील तर तेही सोपं आहे. स्लॅबच्या दोन आठवडे आधी सपाट जागी प्लास्टिकचा कागद अंथरावा. पाहिजे त्या जाडीच्या, २० किंवा २५ मिमीच्या, दोन पट्ट्या समांतर ठेवाव्यात. एक भाग सिमेंट आणि दोन भाग बारीक चाळलेली रेती यांचा घट्टसर माल पट्ट्यांमध्ये भरून फळीने सपाट करावा. थोडं आवळलं की थापीने दोन-दोन इंचांचे चौकोन पाडावेत आणि प्रत्येकात दुहेरी तारेचा तुकडा खोचावा. दुसऱ्या दिवसापासून निदान सात दिवस पाण्यात ठेवावेत. ओले, कच्चे ब्लॉक माणसाच्या वजनाने फुटतात, म्हणून ही तयारी आदल्या दिवशी करून भागत नाही.

आपल्या खोलीत दर अडीच फुटांवर एक ब्लॉक धरला तर ३० लागतात. फुटतुटीसाठी ४० करून ठेवावेत. ब्लॉक सगळ्यात खालच्या सळईखाली ठेवायचा आणि त्याच्या तारेने तिलाच बांधायचा, म्हणजे सरकत नाही.

छज्जाचं लोखंड वर

खोलीच्या स्लॅबात मुख्य लोखंड खाली असतं, छज्जात मात्र वर. छज्जा भिंतीतून बाहेर निघालेला असतो, त्यामुळे ताण त्याच्या वरच्या बाजूला येतो. बांधणी बरोबर असते, पण काँक्रीट भरताना मजूर त्यावर पाय देतात आणि सळई खाली दबते. वरून काहीच कळत नाही. प्लेटा काढल्या की छज्जा भिंतीजवळ तडकतो, कधी खालीच येतो. म्हणून वरच्या सळईखाली लोखंडी घोड्या बांधाव्यात आणि चालायला वेगळ्या फळ्या टाकाव्यात. छज्जाच्या सळया आतल्या स्लॅबात किती लांब न्यायच्या हे नकाशात पाहून घ्यावं. तेच त्याला मागून धरून ठेवतं.

पाणी गोड आहे का?

कव्हर २५ मिमी ठेवलं, जाळी पक्की बांधली आणि काँक्रीट मात्र खाऱ्या बोअरच्या पाण्यात कालवलं, तर क्षार पहिल्याच दिवशी सळईला जाऊन भिडतो. मग कव्हर फार उपयोगाचं राहत नाही. आयएस ४५६ नुसार लोखंड असलेल्या काँक्रीटच्या पाण्यात क्लोराइड लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त नको. लोखंड नसेल तर ही मर्यादा २००० आहे. म्हणजे पायाच्या साध्या काँक्रीटला जे पाणी चाललं, ते स्लॅबला चालेलच असं नाही.

‘आम्ही हेच पाणी पितो’ हेही पुरेसं नाही. दुसरा स्रोत नसेल तर पिण्याच्या पाण्यात क्लोराइड १००० पर्यंत चालवून घेतात. जिभेला सवय झालेलं पाणी सळईसाठी दुप्पट खारं असू शकतं. जिल्ह्याच्या पाणी प्रयोगशाळेत नमुना तपासून घ्यावा आणि अहवालात क्लोराइडचा आकडा तेवढा पाहावा. तो ५०० च्या वर असेल तर स्लॅबच्या दिवशी आणि नंतरच्या पाणी मारण्यालाही नळयोजनेचं किंवा टँकरचं गोडं पाणी वापरावं. शहानूर, वान या धरणांवरच्या योजनांचं पाणी ज्या गावात येतं, तिथे आदल्या दोन दिवसांत टाकी भरून ठेवता येते.

भरण्याआधी अर्धा तास

मिक्सर सुरू झाल्यावर काही दुरुस्त होत नाही. म्हणून घरमालकाने आदल्या संध्याकाळी टेप घेऊन स्वतः प्लेटांवर चढावं. पाच-सहा ठिकाणी सळयांमधलं अंतर मोजावं, मध्यभागीही आणि कोपऱ्यातही. खालची सळई आखूड बाजूचीच आहे ना पाहावं. लॅप असेल तर टेप लावून दीड फूट भरतो का आणि शेजारचा लॅप मागे-पुढे आहे का तपासावं. मग खाली वाकून सळई आणि प्लेटच्या मधून नजर टाकावी. सळई कुठे प्लेटला टेकलेली दिसली की तिथे ब्लॉक घालून घ्यावा. शेवटी जाळीवरून एकदा चालून पाहावं. पाय दिल्यावर सळई प्लेटला लागत असेल तर ब्लॉक कमी पडले आहेत, सळई सरकत असेल तर गाठी कमी पडल्या आहेत.

आणि मोबाईलवर टेपसकट चार फोटो काढून ठेवावेत. स्लॅब भरल्यावर आत काय आहे हे दाखवायला त्या फोटोंशिवाय घरमालकाच्या हातात दुसरं काही राहत नाही.